वरची तार, खालची तार

नवी मुंबईत कुठेही मान वर केली, की उच्चदाबाच्या तारा दिसतातच. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना ऐरोलीच्या बाजूला महापारेषणचे ‘कळवा’ नावाने ओळखले जाणारे ४०० केव्हीचे उपकेंद्र लागते. राज्यभरातल्या विजेच्या ये-जावर नजर ठेवणारे राज्य भारप्रेषण केंद्रही तिथेच आहे. या परिसराकडे चहूबाजूंनी मनोऱ्यांच्या रांगा येतात आणि त्यांच्या खालून रस्ते, नाले, कुंपणे, झाडे जातात. नियम काहीही सांगोत, लोकांच्या कपडे वाळत घालायच्या ताराही जातात.

अशा एखाद्या खालच्या तारेला हात लावला तर कधीकधी बारीक चटका बसतो. वरच्या तारेतून वीज ‘गळते’ म्हणून असे होते, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. वरच्या आणि खालच्या तारेत कित्येक मीटर हवा आहे आणि त्या हवेतून प्रवाह वाहत नाही. वरच्या तारेवरचा विद्युतप्रभार खालच्या तारेतल्या प्रभारांना दुरूनच ढकलतो किंवा ओढतो. खालची तार जमिनीला जोडली गेली, माणसाच्या शरीरातून का होईना, तर जमिनीतून तिच्यावर विरुद्ध जातीचा प्रभार चढतो. यालाच प्रवर्तित प्रभार म्हणतात. तारांमधला दाब सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो, म्हणून हा प्रभारही तितक्याच वेळा चढतो-उतरतो, आणि त्या चढ-उताराचाच चटका बसतो.

इथवरची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. या प्रकरणाचा विषय तिच्या पुढचा आहे. वरची अजस्र तार खालच्या क्षुद्र तारेवर किती प्रभार ओढून आणते, हे एकदा मोजले. आता भूमिका बदलल्या. वरची तार बंद करून जमिनीला जोडली आणि खालच्या तारेला तेवढाच दाब दिला. आता वरच्या तारेवर किती प्रभार येईल? सहज उत्तर सुचते ते असे, की मोठ्याचा लहानावर परिणाम मोठा आणि लहानाचा मोठ्यावर नगण्य. खरे उत्तर मात्र असे आहे, की दोन्ही वेळचा प्रवर्तित प्रभार अगदी सारखा असतो. ‘जवळपास’ सारखा नव्हे, तंतोतंत. वाहकांचे आकार, लांबी, जाडी, उंची काहीही असो. यालाच पारस्परिकतेचा सिद्धांत म्हणतात. तो जॉर्ज ग्रीनच्या नावाने ओळखला जातो. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमजवळच्या या पिठाच्या गिरणीवाल्याने १८२८ मध्ये विद्युत आणि चुंबकत्वाच्या गणितावर एक निबंध वर्गणी गोळा करून छापला. तेव्हा ग्रीनने विद्यापीठात पाऊलही ठेवले नव्हते, आणि त्याच्या हयातीत या निबंधाची फारशी कोणी दखल घेतली नाही. पुढे विल्यम थॉमसनच्या हाती त्याची प्रत लागली आणि युरोपभर तो वाचला गेला.

विधान ऐकून मान डोलावणे सोपे असते. आकडे घातले, की ते किती चमत्कारिक आहे ते कळते. म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू.

समजा, ४०० केव्हीच्या वाहिनीची एकच तार आपल्यासमोर आहे. ‘४०० केव्ही’ हा दोन फेजमधला दाब असतो. एका फेजचा जमिनीशी असलेला दाब त्याला तीनच्या वर्गमुळाने भागून मिळतो, म्हणजे २३१ किलोव्होल्ट. या दाबाला फेजची तार सहसा एकटी नसते. बोटभराहून थोड्या जाड अशा दोन तारा सुमारे ४५ सेंटिमीटर अंतरावर जोडीने नेलेल्या असतात. विद्युतदृष्ट्या ही जोडी साडेआठ सेंटिमीटर त्रिज्येच्या एकाच जाड तारेसारखी वागते. ती जमिनीपासून १२ मीटरवर आहे असे धरू. तिच्या बरोबर खाली, तिला समांतर, जमिनीपासून २ मीटरवर कपडे वाळत घालायची १० मीटर लांबीची लोखंडी तार आहे. तिची त्रिज्या २ मिलिमीटर आणि ती दोन कोरड्या बांबूंना बांधलेली.

वरच्या तारेवर २३१ किलोव्होल्ट, जमिनीवर शून्य. मधल्या जागेत दाब टप्प्याटप्प्याने उतरतो, पण सारख्या गतीने नाही. तारेच्या अगदी लगत तो धाडकन कोसळतो आणि जमिनीजवळ संथ होतो. २ मीटर उंचीवर तो मूळच्या सुमारे सहा टक्के उरतो. नेमके सांगायचे तर ५.९६ टक्के, म्हणजे १३.८ किलोव्होल्ट. हा आकडा फक्त अंतरांवरून येतो. खालच्या तारेचे वरच्या तारेपासूनचे अंतर १० मीटर आहे, आणि वरच्या तारेच्या जमिनीतल्या प्रतिमेपासूनचे १४. या दोहोंच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि वरच्या तारेच्या स्वतःच्या तशाच लॉगॅरिदमने भागायचे.

खालची तार कशालाच जोडलेली नसेल तर ती आपल्या जागेचाच दाब धारण करील, म्हणजे १३.८ किलोव्होल्ट. आता ती जमिनीला जोडली. तिचा दाब शून्य झालाच पाहिजे. वरची तार तर तिथे १३.८ किलोव्होल्ट निर्माण करतेच आहे. तो रद्द करण्यापुरता उलट प्रभार खालच्या तारेवर जमिनीतून यावा लागेल. अशा तारेची जमिनीशी असलेली धारिता, टोकांचा परिणाम सोडून दिला तर, दर मीटरला ७.३ पिकोफॅरड असते. १० मीटरला ७३. आता ७३ पिकोफॅरड गुणिले १३.८ किलोव्होल्ट केले, की १ मायक्रोकूलोम येतो. हाच प्रवर्तित प्रभार. ५० हर्ट्झला त्याचा प्रवाह होतो सुमारे ०.३२ मिलिअँपिअर. धक्का बसण्याइतका नाही, पण कोरड्या दिवसात बोट टेकताना ठिणगी उडावी आणि माणूस दचकावा इतका आहे.

आता उलट बाजू. वरची वाहिनी बंद आहे आणि तिची तार जमिनीला जोडलेली आहे. खालच्या तारेला घरातल्या पुरवठ्याचा २३० व्होल्ट दाब दिला आहे असे कल्पू. ही कल्पनाच राहू द्यावी, कोणी करून पाहू नये. २३० व्होल्ट निवडण्याचे कारण एवढेच, की २३१ किलोव्होल्टच्या तो जवळजवळ बरोबर हजारावा भाग आहे आणि त्यामुळे दोन्ही बाजूंची तुलना डोक्यात करता येते.

खालच्या तारेवर आता ७३ पिकोफॅरड गुणिले २३० व्होल्ट, म्हणजे सुमारे १६.८ नॅनोकूलोम प्रभार आहे. त्याच्या बलरेषांपैकी बहुतेक दोन मीटर खालच्या जमिनीतच जाऊन संपतात. थोड्याच वर जातात. त्या किती, हे शोधण्यासाठी पहिल्या हिशेबाचा आधार घ्यायचा नाही. वेगळ्या वाटेने जाऊ. वरच्या लांबलचक तारेवरच्या प्रत्येक बिंदूपाशी खालच्या तारेने आणि जमिनीतल्या तिच्या प्रतिमेने निर्माण केलेला दाब काढायचा. तो अगदी वर, दहा मीटरवर, सर्वांत जास्त असतो आणि दोन्ही बाजूंना झपाट्याने कमी होतो. वरची तार जमिनीला जोडलेली असल्यामुळे हा दाब तिला जागोजागी रद्द करावा लागतो. त्यासाठी जिथे जितका लागेल तितका उलट प्रभार तिच्यावर येतो. सगळी बेरीज केली, की खालच्या तारेवरच्या प्रभाराच्या ५.९६ टक्के येते. १६.८ नॅनोकूलोमचे ५.९६ टक्के म्हणजे १ नॅनोकूलोम.

जाताना १ मायक्रोकूलोम, येताना १ नॅनोकूलोम. दाब हजारपट कमी, प्रभारही हजारपट कमी. दर व्होल्टमागचा प्रभार दोन्ही वेळा ४.३६ पिकोफॅरड. हे दोन हिशेब दिसायला किती वेगळे आहेत हे लक्षात घ्यायला हवे. पहिल्यात एका बिंदूपाशी दाब काढला आणि त्याला लहान तारेच्या धारितेने गुणले. दुसऱ्यात मोठ्या तारेच्या लांबीभर चढता-उतरता दाब घेऊन बेरीज केली. पहिल्यात १० मीटरच्या तारेवर प्रभार साधारण एकसारखा पसरला. दुसऱ्यात तो कित्येक किलोमीटरच्या तारेवर आला खरा, पण जवळजवळ सगळाच खालच्या तारेच्या डोक्यावरच्या शंभरएक मीटरच्या पट्ट्यात गोळा झाला. वाटणी अजिबात सारखी नाही. सारखी आहे ती फक्त बेरीज. मला या सिद्धांताचे खरे सौंदर्य इथे वाटते. दोन परिस्थितींत एकही बलरेषा एकसारखी नाही, तरी दोन्हींतून निघणारा एक आकडा एकच आहे.

असे का व्हावे? याचे सर्वांत सरळ उत्तर ऊर्जेच्या हिशेबात आहे.

दोन वाहक घेऊ, पहिला आणि दुसरा. दोन्ही सुरुवातीला प्रभाररहित. आपल्याला पहिल्यावर काही ठरावीक प्रभार आणि दुसऱ्यावर काही ठरावीक प्रभार चढवायचा आहे. आधी पहिला भरू. दुसरा रिकामा असल्याने पहिल्याला भरायला फक्त त्याच्या स्वतःच्या प्रतिकर्षणाविरुद्ध काम करावे लागते. मग दुसरा भरू. इथे दोन कामे आहेत. एक, दुसऱ्याच्या स्वतःच्या प्रतिकर्षणाविरुद्धचे. आणि दुसरे, पहिल्याने दुसऱ्याच्या जागी आधीच निर्माण करून ठेवलेल्या दाबाविरुद्धचे.

आता क्रम उलटा करू. आधी दुसरा भरला, मग पहिला. स्वतःविरुद्धची दोन्ही कामे पूर्वीइतकीच होतील. फक्त एकमेकांविरुद्धचे काम या वेळी दुसऱ्याने पहिल्याच्या जागी निर्माण केलेल्या दाबाविरुद्ध होईल. शेवटची स्थिती मात्र दोन्ही क्रमांत एकच आहे, तेच वाहक आणि तेच प्रभार. साठलेली ऊर्जा स्थितीवर अवलंबून असते, तिथे कुठल्या वाटेने पोचलो यावर नाही. तसे नसते तर एका क्रमाने भरून दुसऱ्या क्रमाने रिकामे करत राहिलो असतो आणि फुकटची ऊर्जा मिळवत राहिलो असतो. तेव्हा एकमेकांविरुद्धची दोन कामे समान असली पाहिजेत. म्हणजेच पहिल्यावरचा एक कूलोम दुसऱ्यावर जितका दाब आणतो, तितकाच दाब दुसऱ्यावरचा एक कूलोम पहिल्यावर आणतो.

हे विधान ‘प्रभार दिला, दाब मोजला’ अशा रूपात आहे. आपल्याला हवे होते ‘दाब दिला, प्रभार मोजला’ या रूपात. पण एकदा पहिले सममित ठरले, की समीकरणे उलटी सोडवल्यावर दुसरेही सममितच राहते. मॅक्सवेलने १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे सगळे गुणांक व्यवस्थित मांडून ठेवले. ज्यांना चिन्हांची सवय आहे त्यांच्यासाठी दोन स्थितींमधला ग्रीनचा संबंध असा लिहितात:

q1·V1′ + q2·V2′ = q1′·V1 + q2′·V2

पहिल्या स्थितीतले प्रभार दुसऱ्या स्थितीतल्या दाबांनी गुणले काय, किंवा दुसऱ्यातले प्रभार पहिल्यातल्या दाबांनी गुणले काय, बेरीज तीच. पहिल्या स्थितीत V2 शून्य ठेवला आणि दुसऱ्या स्थितीत V1′ शून्य ठेवला, की उरते q2·V2′ = q1′·V1. दोन्ही दाब सारखे असतील तर q2 आणि q1′ सारखे. आपल्या दोन तारांची सगळी कहाणी या एका ओळीत आहे.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात चांगले विद्यार्थीही पडतात. सममिती समान दाबासाठी आहे, समान प्रभारासाठी नाही. आपल्याच उदाहरणात पाहू. खालच्या तारेवर जो काही प्रभार असेल त्याच्या जवळपास ६ टक्के वरच्या तारेवर प्रवर्तित होतो. उलट बाजूने काय होते? वरच्या तारेवर २३१ किलोव्होल्टला दर मीटर २.३ मायक्रोकूलोम प्रभार असतो. एक किलोमीटर लांबीत २,३०० मायक्रोकूलोम. त्यातून खालच्या तारेवर प्रवर्तित झाला अवघा एक. म्हणजे इकडून ६ टक्के आणि तिकडून दोन हजारांत एकाहूनही कमी. टक्केवारी पाहिली तर ‘मोठ्याचे-लहानाचे’ जे आपल्याला सुरुवातीला सुचले होते, त्याच्या नेमके उलटे चित्र दिसते. लहान तार आपल्या प्रभाराचा मोठा वाटा मोठ्या तारेवर उमटवते. मोठी तार लहान तारेला आपल्या संपत्तीतला कण देते. पण तेवढाच दाब धरायला मोठ्या तारेला प्रचंड प्रभार लागतो, लहानीला थोडकाच. मोठा प्रभार गुणिले लहान वाटा, आणि लहान प्रभार गुणिले मोठा वाटा. दोन्ही गुणाकार एकच.

म्हणून प्रवर्तित प्रभाराबद्दल कोणी काही सांगितले तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की उगम वाहकावर ठरावीक दाब ठेवला होता की ठरावीक प्रभार?

दुसरा प्रश्न बाकीच्या जगाविषयीचा. आतापर्यंत आपण एकच वरची तार धरली. प्रत्यक्षात फेज तीन असतात. समजा त्या एकाच उंचीवर, आडव्या रांगेत, ११-११ मीटर अंतराने आहेत आणि आपली कपड्यांची तार कडेच्या फेजखाली आहे. बाकीच्या दोन फेज जमिनीला जोडून फक्त कडेच्या फेजला दाब दिला, तर खालच्या तारेच्या जागी तिच्या दाबाच्या ५.९६ टक्के मिळत नाहीत, सुमारे ५.६ टक्के मिळतात. शेजारच्या दोन तारा काही बलरेषा आपल्याकडे ओढून घेतात. पारस्परिकता याही स्थितीत तंतोतंत टिकते, पण एका अटीवर. अदलाबदल करताना त्या दोन तारा दोन्ही वेळा जमिनीला जोडलेल्याच असल्या पाहिजेत. जाताना जोडलेल्या आणि येताना लोंबकळत सोडलेल्या, असे केले तर दोन आकडे जुळणार नाहीत. त्यात सिद्धांताचा दोष नाही. आपण दोन वेगवेगळ्या मांडण्यांची तुलना करत असतो. कुंपणे, पत्र्याची छपरे, मनोरे, उभी गाडी या सगळ्यांना हीच अट लागू आहे. मध्ये कोणी गाडी लावून गेले तर आकडा बदलतो, पण ती दोन्ही वेळा तिथेच असेल तर समानता बिघडत नाही.

इथेच या सिद्धांताचा व्यावहारिक फायदा हाती येतो. तिन्ही फेज चालू असताना खालच्या तारेचे काय होईल हे सरळ वाटेने काढायचे तर तीन वेगळे प्रयोग करावे लागतील. दर वेळी एका फेजला दाब द्यायचा, बाकी दोन जमिनीला जोडायच्या आणि खालच्या तारेवर मोजायचे. पारस्परिकतेमुळे एकच प्रयोग पुरतो. वाहिनी बंद असताना तिन्ही फेज जमिनीला जोडाव्यात, खालच्या तारेला थोडा दाब द्यावा आणि तिन्ही फेजच्या जोडतारांमधून किती प्रवाह जातो ते एकाच वेळी मोजावे. तारेवरच्या प्रभाराचा प्रत्येक फेजवर उमटणारा वाटा हाच त्या फेजच्या दाबाचा तारेपाशी पोचणारा वाटा असतो. आपल्या मांडणीत ते वाटे येतात ५.६, २.२ आणि ०.६ टक्के.

आता वाहिनी चालू असतानाचे चित्र जुळवू. तिन्ही फेजचे दाब एकाच वेळी शिखरावर नसतात. ते एकमेकांपासून तिसरा भाग आवर्तनाने मागे-पुढे असतात आणि म्हणून बऱ्याच अंशी एकमेकांना खोडतात. तीन वाट्यांची साधी बेरीज ८.४ टक्के होईल, पण आवर्तनातले हे अंतर धरून बेरीज केली की उरतात सुमारे ४.४ टक्के, म्हणजे १० किलोव्होल्ट. एका तारेच्या हिशेबात १३.८ आले होते. इतर दोन फेज खालच्या माणसाला थोडे संरक्षण देतात ते असे. आणि हे सारे वाहिनीला एकदाही दाब न देता कळले.

प्रत्यक्ष मोजताना अडचण वेगळीच येते. खालच्या तारेला २३० व्होल्ट दिले तर वरच्या तारेतून जमिनीत जाणारा प्रवाह असतो ०.३ मायक्रोअँपिअर. नवी मुंबईसारख्या जागी शेजारून दुसरी जिवंत वाहिनी जात असतेच. तिने प्रवर्तित केलेला ५० हर्ट्झचा प्रवाह याच्या कितीतरी पट असतो आणि आपला आकडा त्यात बुडून जातो. उपाय असा, की वेगळ्या वारंवारितेचा दाब वापरायचा, उदाहरणार्थ एक किलोहर्ट्झचा, आणि उपकरणाला तेवढीच वारंवारिता ऐकायला लावायची. धारिता तीच राहते आणि वीसपट वारंवारितेमुळे प्रवाहही वीसपट वाढतो.

मोजमाप बरोबर आले का, हे तपासायलाही हाच सिद्धांत कामी येतो. दोन्ही दिशांनी मोजावे. जाताना आणि येताना आलेले आकडे उपकरणाच्या अचूकतेबाहेर वेगळे असतील, तर मांडणीत कुठेतरी गफलत आहे हे खात्रीने समजावे. बहुतेक वेळा कारण साधे निघते. जमिनीला जोडल्याची समजूत असलेली एखादी तार गंजलेल्या क्लँपमुळे खरी जोडलेलीच नसते. किंवा एका दिशेचे मोजमाप सकाळी दवात आणि दुसऱ्या दिशेचे दुपारी उन्हात झालेले असते.

दवाचा मुद्दा थोडा उलगडून सांगण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. ७३ पिकोफॅरडची आपली तार ५० हर्ट्झला ४० मेगाओहमहून थोड्या जास्त अडथळ्यासारखी वागते. तिला १० किंवा १३ किलोव्होल्ट धरून ठेवायचे असतील तर बांबूंचा रोध याहून बराच मोठा हवा. मे महिन्यातला खडखडीत बांबू ते करू शकतो. जुलैतला भिजलेला बांबू एखाद्या मेगाओहमवर आला, तर १३.८ किलोव्होल्टच्या जागी तारेवर जेमतेम ३०० व्होल्ट उरतात आणि बाकी सारे बांबूतून झिरपून जमिनीत जाते. चटका उन्हाळ्यात जाणवतो आणि पावसाळ्यात नाहीसा होतो याचे कारण हे आहे. वरच्या वाहिनीत काहीही बदललेले नसते. बांबूच्या जागी खालची तार थेट लोखंडी खांबाला बांधली आणि तो खांब जमिनीत नीट गाडलेला असला, तर चटक्याचा प्रश्न बारा महिने मिटतो.

सिद्धांत कुठे मोडतो तेही सांगायला हवे. आपण गृहीत धरले, की प्रभार फक्त वाहकांवर आहे आणि मधली हवा दुप्पट दाबाला दुप्पट प्रतिसाद देते. पावसात ४०० केव्हीच्या तारेखाली उभे राहिले तर तडतड असा बारीक आवाज येतो. तारेवरच्या थेंबांच्या टोकांशी हवा फुटते, तिचे आयन होतात आणि तारेभोवती प्रभाराचे एक आवरण तयार होते. हा कोरोना. आता तार जणू जाड झाली. २३१ किलोव्होल्टला ती आणखी जाड होते आणि २३० व्होल्टला मुळीच होत नाही. खालच्या तारेला २३० व्होल्ट देऊन काढलेल्या आकड्याला हजाराने गुणून पावसातल्या जिवंत वाहिनीचा प्रभार काढला, तर तो खऱ्याशी जुळणार नाही. दाब आणि प्रभार यांचे सरळ प्रमाण जिथे संपते तिथे आपला पुरावाही संपतो.

बदलत्या दाबाची मात्र काळजी नको. सगळा युक्तिवाद स्थिर प्रभारांचा आहे आणि वीज तर सेकंदाला ५० आवर्तने करते. पण ५० हर्ट्झच्या विद्युतलहरीची लांबी ६,००० किलोमीटर असते. तिच्यापुढे १२ मीटरची उंची इतकी लहान आहे, की प्रत्येक क्षणी प्रभारांची मांडणी स्थिर असल्यासारखीच धरता येते.

हा हिशेब सर्वांत गांभीर्याने घेतात ते वाहिनीवर चढणारे कर्मचारी. एकाच मनोऱ्यावर पुष्कळदा दोन वाहिन्या असतात. एक दुरुस्तीसाठी बंद केली तरी दुसरी जिवंत असते. बंद वाहिनीची तार खालच्या कपड्यांच्या तारेसारखी १० मीटरची नसते, तर कित्येक किलोमीटरची असते. अंतरही काही मीटरांचेच. म्हणून तिच्यावरचा प्रवर्तित प्रभार आपल्या एका मायक्रोकूलोमच्या कितीतरी पट मोठा असतो आणि ती हाताने जमिनीला जोडणारा माणूस जिवाला मुकू शकतो. त्यामुळे ‘लाइन बंद आहे’ एवढ्यावर कोणी तारेला हात लावत नाही. आधी लांब दांड्याने ती डिस्चार्ज करतात आणि मग कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग लावतात. या अर्थिंगमधून काम चालू असेपर्यंत प्रवाह सतत वाहत असतो, कारण शेजारची वाहिनी सेकंदाला ५० वेळा प्रभार मागते आणि परत देते. काम संपल्यावर अर्थिंग काढतानाही क्रम ठरलेला असतो. तारेकडचे टोक आधी सोडायचे आणि जमिनीकडचे शेवटी. जमिनीकडचे टोक आधी सुटले तर अर्थिंगची केबल हातात असतानाच तिच्यावर तारेचा पूर्ण प्रवर्तित दाब येतो.